पैसे नंबरावर जातात, नावावर नाही

मघाशी चहाच्या वेळी एका तरुण मित्राने विचारलं, "सर, आता पेनी ड्रॉप आहे, म्हणजे एक रुपया पाठवून खातेदाराचं नाव तपासता येतं, मग व्हेंडरकडून कॅन्सल्ड चेक अजून का मागायचा?" प्रश्न चांगला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. मी पंचवीसेक वर्षं अकाउंट्समध्ये काढली, त्यातली निम्मी व्हेंडर मास्टर, म्हणजे पुरवठादारांच्या नावांची आणि खात्यांची यादी, सांभाळण्यात. या कागदाकडे नीट बघायला मी फार उशिरा शिकलो.

एक गोष्ट आधी पक्की करू. तुम्ही एनईएफटी किंवा आरटीजीएस करता तेव्हा नाव आणि खाते नंबर दोन्ही भरता. पण रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच सांगून ठेवलंय, की समोरची बँक फक्त नंबर बघून पैसे जमा करू शकते आणि नंबर बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. म्हणजे नाव बरोबर आणि नंबर दुसऱ्याचा असेल, तर पैसे त्या दुसऱ्याला जातात. परत मिळवायचे तर त्याच्या संमतीची वाट बघत बसायचं. १ एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय बँकांनी द्यायची आहे. पण स्क्रीनवर आलेलं नाव वाचणारा माणूस तुमच्याकडे हवा. तर नाव आणि नंबर एकत्र बांधून दाखवणारा कागद आपल्याला लागतो. कॅन्सल्ड चेक एवढंच काम करतो: या बँकेने कधीतरी हे नाव आणि हा नंबर एकाच चेकवर छापले होते.

"कधीतरी" हा शब्द लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली आणि १ जुलै २०२१ पासून SYNB ने सुरू होणारे आयएफएससी कोड बंद पडले. त्यानंतरही कित्येकांच्या ड्रॉवरमधून सिंडिकेटचे चेक निघत होते. दिसायला कोरे करकरीत, उपयोग शून्य.

आता चेक हातात घ्या. दोन तिरप्या रेघा, मध्ये "कॅन्सल्ड", आणि सही नाही. सही केलेला चेक आला तर मी परत पाठवतो. व्हेंडरच्या सहीचा नमुना आपल्या फाईलमध्ये पडून राहण्यात कुणाचंच भलं नाही. रेघा खाते नंबरावरून किंवा आयएफएससीवरून गेलेल्या नकोत. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो: पहिली चार बँकेची, पाचवा नेहमी शून्य, उरलेली सहा शाखेची. पाचव्या जागी इंग्रजी "ओ" टाइप करणारे मी खूप पाहिले.

खाली पांढऱ्या पट्टीवर एमआयसीआरचे, म्हणजे मशीनने वाचायचे, जाड अंक असतात. पहिले सहा चेक नंबराचे. मग नऊ अंकी कोड, त्यातले पहिले तीन शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. शहराचे अंक पिनकोडच्या पहिल्या तीन अंकांसारखेच असतात: पुण्याचे ४११, मुंबईचे ४००, नागपूरचे ४४०. पुढे आणखी सहा अंकांचा गट येतो. तो खाते नंबराशी जुळेलच असं नाही, बँकेगणिक पद्धत वेगळी. म्हणून नंबर पट्टीवरून उतरवायचा नाही, वर छापलेला घ्यायचा.

एक प्रसंग सांगतो. जुन्या व्हेंडरकडून मेल आला, "आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, पुढचं पेमेंट नव्या खात्यात करा." सोबत कॅन्सल्ड चेकचा फोटो. नाव बरोबर, शाखा पुण्याची. माझ्या सहकारी बाईंनी पट्टीवर बोट ठेवलं: कोड ११० ने सुरू होत होता. दिल्ली! नाव-पत्ता बदलणाऱ्याने पट्टी तशीच सोडली होती. आता, शहर जुळलं नाही म्हणजे फसवणूकच, असं नाही. पण फोन करायला ते कारण पुरे. मेलमध्ये एक मोबाइल नंबर दिला होता, त्यावर नाही केला. दोन वर्षांपूर्वीच्या खरेदी ऑर्डरवरच्या नंबरावर केला. मालक म्हणाले, "कुठलं ऑडिट? आमचं खातं तेच आहे." पुढचा बनाव करणारा पट्टीही बदलेल, म्हणून मी त्या ११० पेक्षा फोनला जास्त मान देतो.

फसवणुकीपेक्षा रोजची डोकेदुखी म्हणजे नाव. समजा भोसरीतला एक पत्र्याची कामं करणारा प्रोप्रायटर आहे. बिल दुकानाच्या नावाने, पॅन त्याच्या स्वतःच्या नावाचं, चेकवर दुकानाचं नाव. तिन्ही बरोबर, पण पॅनवरचं नाव बाकी दोन्हींशी जुळत नाही. त्यांना जोडतं जीएसटीचं सर्टिफिकेट: तिथे कायदेशीर नाव त्या माणसाचं आणि व्यापारी नाव दुकानाचं, दोन्ही एकाखाली एक छापलेली असतात. जीएसटी नसेल तर बँकेचं पत्र मागतो. आणि बायकोच्या बचत खात्याचा चेक आणून "घरचंच आहे साहेब" म्हणाला, तर चहा पाजून परत पाठवतो. घरचं असेल, पण बिल तिचं नाही.

बँकेचं पत्र केव्हा लागतं? खातं नवं असेल आणि खातं उघडताना मिळालेल्या किटमधल्या चेकवर नावच छापलेलं नसेल तेव्हा. त्या चेकने नाव आणि नंबर बांधलेच जात नाहीत, मग तो कशाचा पुरावा? पत्र शाखेच्या लेटरहेडवर हवं, तारीख अलीकडची हवी. त्यात खातेदाराचं पूर्ण नाव, नंबर, आयएफएससी, खात्याचा प्रकार, आणि प्रोप्रायटरशिप असेल तर प्रोप्रायटरचं नाव हवं. खाली शिक्का, सही आणि सही करणाऱ्याचा कर्मचारी क्रमांक. शिक्का कुठेही बनतो, म्हणून मी शाखेचा फोन बँकेच्या साइटवरून शोधतो, पत्रावरून नाही.

आता त्या तरुण मित्राच्या प्रश्नाकडे. पेनी ड्रॉपमध्ये एक रुपया जातो आणि बँकेतलं खातेदाराचं नाव परत येतं. खातं चालू आहे का, हे त्याने आज कळतं. चेकने ते कळत नाही. पण परत आलेलं नाव कधी अर्धवट कापलेलं असतं. शिवाय मेल पाठवणाऱ्याने तुमच्या व्हेंडरच्या नावाशी मिळतंजुळतं खातं उघडलं असेल, तर पेनी ड्रॉपही खुशाल "बरोबर" म्हणेल. म्हणून दोन्ही घ्या, आणि खातं बदलायचं असेल तर वर जुन्या नंबरावर फोन.

एवढं सगळं करून माझंच पेमेंट एकदा परत आलं, तेही सांगून टाकतो. चेक खरा, पत्र खरं, फोनही केलेला. नंबर सोळा अंकी होता आणि मी तो एक्सेलमध्ये साध्या रकान्यात टाकला होता. एक्सेल पंधरा अंकच धरून ठेवतं, सोळावा शून्य करून टाकतं. माझ्या नशिबाने त्या नंबराचं खातंच नव्हतं. तेव्हापासून रकाना आधी "टेक्स्ट" करतो, आणि नंबर टाकल्यावर चेकवरचे शेवटचे चार अंक दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावतो.