गरोदरपणात गाडीत चढणं-उतरणं : सीटची उंची आणि दाराचं उघडणं

(साताऱ्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, घरात पाळणा हलणार म्हटलं की गाडीची चर्चा सुरू होते. मायलेज किती, डिकीत काय मावतं, हप्ता किती बसतो, सगळं विचारलं जातं. जिला आठव्या-नवव्या महिन्यात दवाखान्याच्या फेऱ्या मारायच्या आहेत, तिला या सीटवर बसता-उठता येईल का, एवढंच विचारायचं राहून जातं. आज मी तेवढ्यावरच बोलणार आहे. इंजिनावर बोलणार नाही.

आधी साधा प्रश्न घेऊ. घरातली खुर्ची जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटर उंच असते. पोट मोठं असलं तरी बाई तिच्यावरून उठते. सेडान गाडीची सीट जमिनीपासून ५० च्या पुढे, म्हणजे खुर्चीपेक्षा उंचच असते, तरी तीच बाई तिथे अडते आणि हात द्यायला माणूस लागतो. असं का?

खुर्चीवरून उठताना आपण नकळत दोन गोष्टी करतो. पावलं मागे, खुर्चीखाली ओढून घेतो आणि छाती पुढे झुकवतो. त्यामुळे अंगाचा भार पावलांवर येतो आणि मग गुडघे सरळ होतात. गाडीत पावलं मागे ओढता येत नाहीत, कारण सीट आणि जमीन यांच्यामध्ये दाराचा उंबरा आहे, मेकॅनिक ज्याला साइड सिल म्हणतात तो. पावलं उंबऱ्याच्या बाहेर, अंगापासून लांब राहतात. राहिलं छाती पुढे झुकवणं, आणि ते पोट करू देत नाही. दोन्ही युक्त्या हातच्या गेल्या की उरतं हाताने खेचून उठणं. सीट जितकी खोल, तितकं जास्त खेचावं लागतं.

म्हणून मोजायच्या गोष्टी दोन : सीटची उंची आणि उंबऱ्याची रुंदी. ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा इथे उपयोगाचा नाही. तो गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा सांगतो, सीट कुठे आहे ते सांगत नाही. ग्राउंड क्लिअरन्स सारखाच असलेल्या दोन गाड्यांच्या सीटमध्ये चांगला वीतभर फरक पडू शकतो. ब्रोशरमध्ये सीटची उंची सहसा छापलेली नसते, तेव्हा शोरूमला जाताना टेप घेऊन जा. सीटच्या बाहेरच्या कडेवर कुणाला तरी बसवा आणि कुशन दबल्यावरची उंची जमिनीपासून मोजा. रिकाम्या सीटचं माप तीन-चार सेंटिमीटर फसवं येतं.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. पाच फूट एक इंच उंचीची बाई, म्हणजे १५५ सेंटिमीटर. पायात चप्पल आहे. तिची गुडघ्यामागची खोबण जमिनीपासून साधारण ४१ वर येईल आणि नितंबाखालची घडी ७२ च्या आसपास. सीट या घडीच्या थोडी खाली असावी. म्हणजे पाठ करून मागे सरकलं की बूड जवळजवळ आपोआप सीटवर टेकतं. हिच्यासाठी ५८ ते ६८ हा चांगला पट्टा.

आता हिला तीन गाड्यांपाशी नेऊ. सेडानची सीट दबून ५० वर आली. घडीपासून तिला २२ सेंटिमीटर खाली जायचं आहे, आणि उतरताना तेवढंच वर यायचं आहे. शिवाय सेडानचं छत खाली, म्हणून दाराच्या वरच्या कडेखालून मानही वाकवावी लागते. दुसरी उंच बांधणीची छोटी गाडी, सीट ६२ वर. दहा सेंटिमीटर खाली गेलं की बसली. तिसरी मोठी एसयूव्ही, सीट ७८ वर. इथे बसायचं नाही, चढायचं आहे : एक पाय पायरीवर, हाताने वरचं हँडल धरून सगळं अंग वर खेचायचं. त्या क्षणी पूर्ण भार एका पायावर असतो. गरोदरपणात ओटीपोटाच्या हाडांचे सांधे सैल होतात. ज्यांना त्या सांध्यांत, जांघेत किंवा कंबरेच्या खाली दुखतं, त्यांना नेमकं हेच सोसत नाही : एका पायावर उभं राहणं आणि दोन पाय फाकवणं. उतरताना तर घसरत खाली यावं लागतं, जमीन दिसत नाही आणि साडी पायरीत अडकते. ‘उंच गाडी म्हणजे आरामाची गाडी’ हा समज या बाईच्या बाबतीत खोटा ठरतो. उंची बदलली की पट्टाही बदलतो. पाच फूट सहा इंचाच्या बाईला ६२ जरा खोल वाटेल. म्हणून टेप गाडीला लावायच्या आधी बाईच्या उंचीला लावा.

उंबऱ्याचं माप सोपं आहे. कुशनच्या बाहेरच्या कडेपासून उंबऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत आडवं अंतर. ते वीतभरापेक्षा जास्त असेल तर पावलं फार लांब पडतात. सीटच्या कडा उंच फुगवलेल्या असतील, दिसायला स्पोर्टी, तर त्यावरून सरकताना मांडी अडते. अशी सीट मी तरी या कामासाठी नको म्हणेन.

आता बसण्याची रीत, कारण दाराचं माप त्यावरच ठरतं. आधी एक पाय आत टाकून मग अंग ओढून घेणं, ही आपली रोजची सवय सोडायची. पाठ सीटकडे करायची. सीटची कड मांड्यांना लागेपर्यंत मागे यायचं. हात गाडीच्या चौकटीवर किंवा वरच्या हँडलवर ठेवायचा, दारावर नाही. दार हलतं. मग बसायचं, डोकं आत घ्यायचं आणि दोन्ही गुडघे जुळवून एकत्र आत वळवायचे. उतरताना याच्या उलट : दोन्ही पाय बाहेर, कडेपर्यंत सरकणं, दोन्ही पावलं टेकवणं, मग उठणं. कापडी सीटवर वळताना अंग घासत असेल तर बुडाखाली गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी घ्या, पण गाडी सुटायच्या आधी ती काढाच. ब्रेक लागला तर अंग सीट बेल्टच्या पट्ट्याखालून पुढे घसरू नये. पट्ट्याचा खालचा भाग पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर. तिरका भाग दोन स्तनांमधून, पोटाच्या बाजूने.

ही रीत जमायला दोन्ही पाय एकत्र वळतील एवढी जागा दाराच्या खालच्या पुढच्या कोपऱ्यात हवी. सीटची पुढची कड आणि बिजागरीचा खांब यांच्यामधलं अंतर बघा. पायात चप्पल असताना दोन्ही पाय सहज गेले तर ठीक. पुढची सीट मागे सरकवली की ही जागा वाढते, आणि एअरबॅगपासून अंतरही वाढतं, जे हवंच आहे. मात्र फार मागे नेली तर मधला खांब खांद्याला आडवा येतो. सीट सरकवत जा, पाय आणि खांदा दोन्ही मोकळे राहतील ती जागा सापडते.

मधेच एक ताई विचारतायत, “पुढे बसवायचं की मागे?” ताई, मागच्या दाराचा खालचा मागचा कोपरा बघा. बऱ्याच गाड्यांत चाकाची कमान तिथे आत घुसलेली असते. पाठ करून बसायला जावं तर बूड कमानीवर आपटतं, म्हणून तिरकं पुढे सरकून बसावं लागतं. ज्या गाडीत कमान दाराच्या बाहेर राहते आणि दार भरपूर उघडतं, तिथे मागची सीट चांगली. अल्ट्रोझ आणि पंच या गाड्यांची दारं ९० अंशांत उघडतात, ते मागच्या दाराला खरंच उपयोगाचं आहे. बाकी बहुतेक गाड्यांची दारं त्याहून कमी उघडतात.

पण उघडण्याचा कोन जागेवर अवलंबून असतो. पुढचं दार साधारण मीटरभर लांब असतं. अडीच मीटर रुंदीच्या पार्किंगमध्ये पावणेदोन मीटरची गाडी मधोमध लावली तर प्रत्येक बाजूला ३७-३८ सेंटिमीटर उरतात. तेवढ्यात मीटरभराचं दार फक्त २२ अंश उघडतं. बहुतेक दारांचा पहिला खटका त्याच्या पुढे असतो, म्हणजे दार तिथे थांबतही नाही, अंगावर येतं. अशा पार्किंगमध्ये ९० अंशांचं दार आणि ६५ अंशांचं दार सारखंच. तिला आधी उतरवा, गाडी मग लावा.

साताऱ्यात तिसरी गोष्ट येते, ती शोरूमच्या सपाट फरशीवर कळत नाही : चढ. राजवाड्यापासून समर्थ मंदिराकडे गाडी वर तोंड करून उभी केली की दार मागे, म्हणजे बंद व्हायच्या बाजूला ओढलं जातं. पावलं बाहेर आणि दार नडगीवर, असा प्रकार होतो. गाडीचं तोंड उताराकडे असेल तर दार उघडं राहतं, चढणं-उतरणं सोपं होतं. पण मग ते ओढून बंद करायला तिला लांब हात करून वाकावं लागतं, ते दुसऱ्याने बाहेरून लावावं. खरेदीच्या आधी टेस्ट ड्राइव्ह अशाच चढावर घ्या, वर तोंड करून थांबवा आणि दुसऱ्या खटक्यावर दार टिकतं का बघा. खटका सैल असेल तर लगेच कळतं.

फूटपाथचंही असंच. फूटपाथ साधारण १५ सेंटिमीटर उंच असतो. तिने त्यावर पाय ठेवला की आपल्या उदाहरणातली ६२ ची सीट तिच्यासाठी ४७ ची झाली, सेडानपेक्षाही खाली. अशी गाडी फूटपाथपासून चांगली लांब उभी करा, म्हणजे ती रस्त्यावर उतरेल. उलट ७८ ची एसयूव्ही फूटपाथला लागून उभी केली तर सीट ६३ वर येते आणि चढायचं संकट संपतं. दोन्हींत पाऊल पडेल तिथे उघडं गटार नाही ना, तेवढं ड्रायव्हरने आधी बघायचं.

गाडी बघायला जोडपी बहुतेक चौथ्या-पाचव्या महिन्यात जातात. तेव्हा कुठलीही सीट सोपी वाटते. एक उशी दुमडून ओढणीने पोटावर बांधा आणि मग हाताने न खेचता उठून बघा. वजन तेवढं येत नाही, पण पुढे झुकणं बंद होतं, आणि तेच तपासायचं आहे. सीटची उंची बदलायचा लिव्हर असेल तर तोही चालवून बघा. पुष्कळ मॉडेलमध्ये तो फक्त ड्रायव्हरच्या सीटला असतो, शेजारच्या सीटला नसतो. सेल्समन “हाइट अ‍ॅडजस्ट आहे” म्हणाला की कुठल्या सीटला, ते विचारा.

ज्यांच्याकडे गाडी आधीच आहे, त्यांच्यासाठी. सीट खोल असेल तर जाड गादी टाकून उंची वाढवायचा मोह होतो. ते करू नका. गादी दबते, सरकते आणि पट्टा ढिला पडतो. गाडी थोड्या उंचवट्यावर, तिचे पाय खालच्या बाजूला टेकतील अशी उभी करा, आपोआप काही सेंटिमीटर मिळतात. सीट उंच असेल तर १५ ते २० सेंटिमीटरचा, रुंद बैठकीचा, वर रबर लावलेला पाट डिकीत ठेवा. त्यावर दोन्ही पावलं मावली पाहिजेत. एका पावलाचा स्टूल घेतला तर तिला पुन्हा एका पायावरच उभं राहावं लागेल.