चट्टे खालच्या थरात, छिद्रं वरच्या थरात

मंडळी, विषय फ्रिक्वेन्सी सेपरेशनचा आहे, पण आधी एक फोटो सांगतो. परभणीजवळच्या एका गावात लग्नाचं काम होतं. नवरदेवाचे आजोबा पटका बांधून खुर्चीत बसले होते, त्यांचा एक फोटो मी निवांत काढला. पुढं वर्षभरात ते गेले. आजींनी तोच फोटो मोठा करून मागितला. मी फाइल छापायला दिली आणि तिथं कुणीतरी परस्पर चेहरा गुळगुळीत करून टाकला.

फ्रेम घेऊन मी स्वतः गेलो होतो. आजींनी पदरानं काच पुसली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "पटका ह्यांचाच हाय. तोंड ह्यांचं न्हाई." खरंच नव्हतं. नाकाच्या दोन्ही बाजूंना त्यांची कातडी संत्र्याच्या सालीसारखी होती, ती पार गेली होती. कपाळावर पटक्याखाली झाकून राहिलेला फिकट पट्टा होता, उभा जन्म उन्हात काढलेल्या माणसाचा, तोही पुसला होता. ती फ्रेम मी परत आणली. आपल्याकडं अल्बम उघडला की नवरीच्या गालावर कातडी नसते, मेण असतं. याचा मला राग येतो आणि आज तो बोलून दाखवायचाच होता.

संयोजक घड्याळ दाखवतायत. तर मुद्द्यावर येतो, याच फोटोवर.

मूळ फाइल 24 मेगापिक्सेलची, छातीपर्यंतचा फोटो. दोष एवढाच की उन्हानं गालांवर तांबडे चट्टे उठले होते आणि डोळ्यांखाली वांग होता. आता बघा, कातडीचं छिद्र चार-पाच पिक्सेलचं आणि चट्टा दोन-तीनशे पिक्सेलचा. आकारातला हाच फरक वापरून फोटोचे दोन थर करायचे. फोटोशॉपमध्ये लेयरच्या दोन प्रती घ्या. खालचीला Gaussian Blur द्या. वरची निवडून Apply Image उघडा, त्यात Layer म्हणून खालची प्रत, Blending मध्ये Subtract, Scale 2, Offset 128. मग वरच्या लेयरचा मोड Linear Light करा. फोटो होता तसाच दिसला पाहिजे. हे आकडे 8 बिटचे. 16 बिटला Add घ्या, Invert ला टिक करा, Scale 2, Offset 0.

सगळं अडतं ते ब्लरच्या आकड्यावर. 100 टक्के झूम करून आकडा हळूहळू वाढवा आणि छिद्रं जिथं नुकती दिसेनाशी होतील तिथं थांबा. आजोबांच्या फोटोला 8 लागला. चेहऱ्यानं फ्रेम भरलेली असेल तर जास्त लागतो. आकडा बरोबर आहे का, ते मोड बदलण्याआधी वरच्या राखाडी थरात कळतं. तिथं छिद्रं, सुरकुत्या, दाढीचे खुंट दिसावेत. चट्ट्याचा आकारच दिसायला लागला तर आकडा जास्त झाला, मग खाली कितीही काम करा, चट्टा वरून डोकावत राहील. आकडा कमी पडला तर छिद्रं खालीच राहतात आणि चट्ट्याबरोबर पुसली जातात.

वरच्या थराला हात लावायचा नाही. खालच्या थरावर लॅसोनं चट्टा घेरा, 25 पिक्सेल फेदर द्या आणि 30च्या आसपास Gaussian Blur मारा. एका वेळी एकच तुकडा. ओठ, जबडा, कानशिलाचे केस यांच्यापासून लांब राहा, नाहीतर केसांचा काळा रंग गालावर उतरतो आणि गाल मळका दिसतो.

वांगाला हे पुरत नाही आणि नवरीच्या जबड्याखाली राहिलेल्या हळदीलाही नाही. पिवळा ब्लर केला तर पिवळा पसरतो. तिथं दोन्ही थरांच्या मध्ये रिकामी लेयर घ्या, मोड Color, शेजारच्या चांगल्या कातडीचा रंग उचला आणि मऊ ब्रशनं, Flow 5 ते 10 ठेवून, फिरवा. उजेड-सावली तशीच राहते, फक्त रंग बदलतो. वांगाचा गडदपणा उरलाच तर तो खालच्या थरावर थोडा उजळा.

शेवटी खालच्या थराचं काम मूळ रंगात थोडं मिसळा. त्यासाठी लॅसोचा ब्लर सुरुवातीलाच खालच्या थराच्या प्रतीवर करायचा, म्हणजे तिची Opacity उतरवता येते. आजोबांना मी 60 वर थांबलो. गालांचा तांबडेपणा बसला, नाकाची साल राहिली. कपाळावरचा पट्टाही खालच्याच थरात होता, चट्ट्यांच्या शेजारी. पद्धतीला तो चट्ट्यापेक्षा वेगळा कळत नाही. तिथं लॅसो न्यायचा नाही, हे आपणच ठरवायचं असतं.