एकाच पोत्यातील तीन कप

(दृश्य : पोत्यातून तराजूच्या भांड्यात पडणारे हिरवे दाणे)

पडद्यावर दिसणारे हे फिकट हिरवे, दगडासारखे कठीण दाणे अरेबिका जातीच्या कॉफीचे आहेत. त्यांना अजून कॉफीचा वास नाही. नाकाशी नेल्यास सुकलेल्या गवताची आठवण होते. एकाच पोत्यातून प्रत्येकी एक किलोचे तीन वाटे काढले आहेत. भाजणीच्या यंत्रात जाईपर्यंत त्यांच्यात काहीही फरक नाही. लाइट, मीडियम आणि डार्क ही नावे दाण्याच्या जातीची नसून, तो आचेवरून केव्हा उतरवला याची आहेत.

(दृश्य : फिरणारा ढोल, काचेच्या झरोक्यातून दाणे)

पहिली काही मिनिटे दाण्यातील पाणी निघून जाते. हिरवा रंग पिवळा होतो, मग दालचिनीसारखा तपकिरी. याच टप्प्यावर दाण्यातील साखर आणि अमिनो आम्ले यांची परस्परांशी अभिक्रिया सुरू होते आणि भाजल्याचा ओळखीचा वास प्रथमच येतो. दाण्याचे तापमान साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की आत कोंडलेली वाफ दाणा फोडून बाहेर पडते. आता जी तडतड ऐकू येत आहे, तिला भाजणारे लोक ‘फर्स्ट क्रॅक’ म्हणतात. भाजणारा नळकांडीने दर काही सेकंदांनी नमुना काढतो, रंग पाहतो, वास घेतो आणि कान ढोलाकडे ठेवतो.

(दृश्य : थंड करण्याच्या परातीत पहिला वाटा)

ही तडतड ओसरता ओसरता पहिला वाटा उतरवला. हा लाइट रोस्ट. दाण्यात मुळात असलेली सायट्रिक आणि मॅलिक ही आम्ले बऱ्याच अंशी शिल्लक असल्याने कपात लिंबाची किंवा हिरव्या सफरचंदाची आठवण देणारा आंबटपणा येतो. तो दोष नव्हे. मात्र दाणा बाहेरून भाजला गेला आणि आत कच्चा राहिला, तर चव गवतासारखी, तुरट लागते. असा दाणा फोडून पाहावा. आतला भाग बाहेरच्यापेक्षा स्पष्टपणे फिकट असेल, तर भाजणी फसली आहे.

दुसरा वाटा आणखी दीड-दोन मिनिटे आत राहिला. आंबटपणा मावळू लागला, भाजलेल्या साखरेचा गोडसर सुगंध पुढे आला, आणि तरीही दाण्याची मूळ चव ओळखता येते. हा मीडियम रोस्ट. बिनदुधाची कॉफी प्रथमच घेणाऱ्याने येथूनच सुरुवात करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

(दृश्य : धूर, चकाकणारे काळपट दाणे)

तिसरा वाटा दुसऱ्या, अधिक बारीक तडतडीपर्यंत नेला. पेशींच्या भिंती मोडल्या आणि आतले तेल पृष्ठभागावर आले. ही चकाकी त्याचीच आहे. क्लोरोजेनिक आम्लांच्या विघटनातून कडवटपणा वाढवणारी संयुगे तयार होतात, त्यामुळे डार्क रोस्टमध्ये धुराची, कडू चॉकलेटची चव वरचढ ठरते आणि दुधातही ती लपत नाही. वर आलेले तेल हवेने लवकर खवट होते.

(दृश्य : तीन वाटे पुन्हा तराजूवर)

आता वजन पाहावे. एक किलोचे पहिल्या वाट्यात ८७० ग्रॅम उरले, दुसऱ्यात ८५०, तिसऱ्यात ८००. पाणी गेले, काही घटक जळाले. कॅफीन मात्र भाजणीत फारच थोडे कमी होते. अरेबिकाच्या एक किलो कच्च्या दाण्यांत ते साधारण १२ ग्रॅम असते, म्हणजे डार्कच्या कमी वजनातही जवळजवळ तेवढेच राहते. वजनाने मोजल्यास डार्कमध्ये कॅफीन किंचित अधिक किंवा बरोबरीने भरते.

चमच्याने मोजल्यास उलटे घडते. फुगलेला डार्क दाणा हलका असतो. ज्या मापात लाइटचे १० ग्रॅम मावतात, त्यातच डार्कचे ८ ग्रॅमच बसले. वरच्या हिशेबाने पहिल्या मापात सुमारे १३८ मिलिग्रॅम कॅफीन येते, दुसऱ्यात १२० मिलिग्रॅम. पाकिटावरील ‘स्ट्राँग’ हा शब्द बहुतेकदा कडवटपणाविषयी बोलतो, कॅफीनविषयी नव्हे. कॅफीनचा मोठा फरक दाण्याच्या जातीने पडतो. रोबस्टामध्ये ते अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असते. म्हणून पाकिटावर रोस्टच्या आधी जात वाचावी.

(दृश्य : तीन कप, वाफ)

प्रत्येक कपासाठी १५ ग्रॅम कॉफी आणि २५० मिलिलिटर पाणी घेतले आहे. घट्ट लाइट दाण्यातून चव सावकाश उतरते, म्हणून त्यासाठी पाणी उकळीच्या अगदी जवळचे; डार्कसाठी ९० अंशांच्या आसपासचे. पहिला घोट लगेच घेऊ नये. कप कोमट होईपर्यंत थांबल्यास लाइटमधला आंबटपणा आणि गोडवा वेगवेगळे कळू लागतात, तर डार्कमधला कडवटपणा अधिकच उघडा पडतो.