मिसळीच्या रश्श्यातील तेल

श्रोतेहो, नमस्कार.

अंगावरची चरबी कमी करण्यासाठी जी मंडळी खाण्याची वही ठेवतात, त्यांचा घरच्या पोळीभाजीचा हिशेब बहुधा जमतो, कारण पोळी किती मोठी होती आणि फोडणीला तेल किती घातले हे घरात कोणाला तरी ठाऊक असते. हिशेब चुकतो तो गाडीवर आणि हॉटेलात. तिथे आपण पदार्थाचे नाव लिहितो आणि नावापुढे कुठल्या तरी तक्त्यातला आकडा मांडतो. मिसळपाव म्हणून लिहिलेला तो आकडा नेमक्या कोणत्या मिसळीचा आहे, हे मात्र आपण पाहत नाही. आज मी एकाच मिसळीविषयी सविस्तर सांगणार आहे, कारण आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना बाहेरच्या खाण्याचा अंदाज कसा बांधावा हे मी त्या मिसळीकडूनच शिकले.

नाशिकमध्ये माझ्याकडे एक काका येत असत. पोस्टातून निवृत्त झालेले, वहीत रेघा आखून लिहिणारे, अत्यंत काटेकोर गृहस्थ. त्यांच्या शरीराला रोज जेवढी ऊर्जा लागत होती, त्याहून सुमारे 350 कॅलरी कमी पडतील असा आहार आम्ही ठरवला होता. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी साठलेल्या असतात असे धरले, तर दर बावीस दिवसांना एक किलो उतरायला हवा होता. पहिल्या महिन्यात वजन उतरले आणि पुढे सहा आठवडे काटा जागचा हलेना. काकांनी थायरॉइडची तपासणी करून घेतली, ती व्यवस्थित आली. मग ते माझ्यासमोर वही उघडून म्हणाले, “ताई, मी एक घासही लपवलेला नाही. तुम्हीच बघा.”

त्यांनी खरोखरच काही लपवले नव्हते. बुधवारी आणि रविवारी, सकाळी फिरून झाल्यावर, मित्रांसोबत मिसळ. पुढे आकडा 400. शनिवारी रात्री मुलगा आणि सुनेबरोबर हॉटेलात जेवण. पुढे आकडा 600. बाकीचे सगळे घरचे, मोजून घेतलेले. मी त्यांना म्हटले, “काका, येत्या रविवारी मिसळ तिथे खाऊ नका. पार्सल घेऊन माझ्या घरी या.”

रविवारी काका पार्सल घेऊन आले. फरसाण कागदाच्या पुडीत, मटकीची उसळ एका पिशवीत, रस्सा दुसऱ्या पिशवीत आणि दोन पाव. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. इथे मला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या घरांत मिक्सर असतो, मायक्रोवेव्ह असतो, पण काही शे रुपयांचा हा काटा नसतो, आणि याचे मला वाईट वाटते; आपल्या आज्या चिपटे-मापटे हाताशी ठेवून स्वयंपाक करत होत्या आणि मोजण्यात त्यांना काही कमीपणा वाटत नव्हता. असो.

दोन पावांचे वजन भरले 92 ग्रॅम. त्यांच्या आम्ही 250 कॅलरी धरल्या. निथळलेली मटकी होती 120 ग्रॅम, म्हणजे सुमारे 130 कॅलरी. फरसाण भरले 55 ग्रॅम. ते तळलेले असल्याने शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास कॅलरी देते, म्हणून त्याच्या 300 झाल्या. काकांचे 400 इथेच ओलांडले गेले, आणि रस्सा अजून पिशवीतच होता.

रस्सा गाळून मी एका उंच पेल्यात ओतला आणि तासभर हलवला नाही. वर लालभडक तर्री जमून आली. पेला तसाच फ्रीजरमध्ये ठेवला. तीन-चार तासांत खालचे मसाल्याचे पाणी गोठून घट्ट झाले आणि वरचे दाट झालेले तेल चमच्याने सहज उचलता आले. ते वाटीत काढून काट्यावर ठेवले तेव्हा 32 ग्रॅम भरले. कोणतेही तेल असो, शेंगदाण्याचे, सोयाबीनचे किंवा पामतेल, एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी असतात. बत्तीस नव्वे दोनशे अठ्ठ्याऐंशी. खालच्या भागात भाजलेले सुके खोबरे आणि कांद्याचे वाटण होते. त्यातले खोबऱ्याचे तेल वाटणाला धरूनच राहते, वर येत नाही, म्हणून त्याचे अंदाजाने 60 धरले. बेरीज एक हजाराच्या थोडी वर गेली.

काका बराच वेळ त्या वाटीकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, “आणि वरून आणखी रस्सा घेतो, त्याचे काय?” त्याचे आणखी शंभर-सव्वाशे. बशीत थोडा रस्सा उरतो हे खरे आहे, पण फरसाण आणि पाव तेल चांगले शोषून घेतात, आणि काका तर पावाने बशी पुसून घेणारे होते.

श्रोतेहो, आता हा हिशेब आठवड्याचा करून पाहा. दर मिसळीमागे वहीत निदान 600 कॅलरी कमी लिहिल्या जात होत्या, आणि आठवड्यात दोन मिसळी, म्हणजे 1,200. शनिवारच्या हॉटेलात आणखी चारेकशे सुटत असाव्यात. आठवड्याला जी 2,450 कॅलरींची तूट पडायला हवी होती, तिच्यातून सोळाशे अशा रीतीने भरून निघत होत्या. उरलेल्या साडेआठशेंत चरबी उतरते जेमतेम शंभर ग्रॅम. खारट खाण्याने आणि अंगात पाणी धरल्याने वजन एका दिवसात अर्धा-एक किलो सहज वरखाली होते, त्यात ते शंभर ग्रॅम दिसणार कसे? काकांच्या शरीरात काहीही बिघडलेले नव्हते. चूक आकड्यात होती, आणि आकड्यातही ती मुख्यतः तेलात होती.

म्हणून मी तेव्हापासून सर्वांना एकच क्रम सांगते: आधी तेल, मग पाव, मग बाकीचे. पुन्हा सांगते, आधी तेल, मग पाव, मग बाकीचे. ताटात दिसणाऱ्या पदार्थाचे नाव विसरायचे आणि त्याचे भाग पाडायचे. तळलेले किंवा तेलात तरंगणारे काय आहे, त्याचा अंदाज सर्वांत आधी. त्यानंतर पाव, भात, रोटी, नान यांचा, कारण त्यांचे वजन हातात घेऊन कळते. उसळ, बटाटा, कांदा, टोमॅटो यांच्यात चूक झाली तरी ती तीस-चाळीस कॅलरींची होते. तेलाचा एक मोठा, पंधरा मिलिलिटरचा चमचा मात्र एकटाच सुमारे 120 कॅलरींचा असतो.

काकांनी मिसळ सोडली नाही, आणि मी सोडायला सांगितलेही नाही. मोड आलेल्या मटकीला जंक फूड म्हणणे मला मुळीच मान्य नाही. त्यांनी गाडीवाल्याला सांगून तर्री न घालता खालचा रस्सा घ्यायला आणि फरसाण वेगळ्या वाटीत मागून त्यातले निम्मे घ्यायला सुरुवात केली. तेल उतरले आठ-दहा ग्रॅमवर, फरसाणाचे झाले दीडशे, आणि सबंध मिसळपाव आला सातशेच्या आत. वहीत ते 700 लिहू लागले आणि त्या दिवशी दुपारी भात घेईनासे झाले. पुढच्या पाच आठवड्यांत दीड किलो वजन उतरले.

आता वडापावाकडे येऊ. लोक त्याला फार भितात, पण त्याच क्रमाने पाहिले तर त्याचा अंदाज मिसळीपेक्षा सोपा आणि आकडाही लहान आहे. मध्यम आकाराचा वडा तळताना साधारण दहा ग्रॅम तेल पितो, म्हणजे 90. पाव सव्वाशेचा. आतला बटाटा आणि बेसनाचे आवरण मिळून शंभर, आणि खोबरे-लसणाच्या कोरड्या चटणीचे वीस-तीस. म्हणजे साडेतीनशेच्या आत. वडा मोठा असेल, तेल पुरेसे तापलेले नसताना सोडला असेल किंवा सोबत चुरा घेतला असेल, तर आकडा वाढतो. बोटांना आणि कागदाला लागलेले तेल पाहूनही ते कळते. त्या कागदावरून आठवले, वर्तमानपत्रात गुंडाळलेला गरम वडा घेऊ नये. छपाईची शाई तेलात उतरते आणि भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही त्याविरुद्ध लोकांना सावध केले आहे.

पावभाजीत तेलाच्या जागी लोणी मोजायचे. तव्यासमोर उभे राहून नुसते पाहा: भाजीत एकदा, पाव भाजताना एकदा आणि वाढताना वर एकदा. दहा ग्रॅमचा तुकडा सुमारे 72 कॅलरींचा असतो, आणि तो तुकडा बोटाच्या एका पेराएवढाच दिसतो.

हॉटेलातल्या रस्साभाजीत मात्र आपली फ्रीजरची युक्ती अपुरी पडते, आणि हे मी मुद्दाम सांगते. काजूची पेस्ट आणि साय घातलेल्या पनीरच्या भाजीत स्निग्धांश ग्रेव्हीत मिसळून गेलेला असतो, तो वर तरंगत नाही. म्हणून भाजीवर तवंग दिसला नाही याचा अर्थ ती हलकी आहे असा घेऊ नये. अशा ठिकाणी वाटी किती जणांत वाटली हे पाहावे, दोघांत वाटलेल्या भाजीतल्या आपल्या वाट्याचे 350 ते 450 धरावेत, बटर लावलेल्या प्रत्येक रोटीचे दीडशेच्या आसपास धरावेत, आणि सुरुवातीच्या पापडाचा व शेवटच्या गोडाचा विसर पडू देऊ नये. दहा किंवा त्याहून अधिक शाखा असलेल्या खाद्यगृहांवर पदार्थापुढे कॅलरी लिहिण्याचे बंधन आता आहे. तिथे तो आकडा जरूर वाचावा. कोपऱ्यावरच्या हॉटेलाला आणि गाडीला ते बंधन नाही.

आणखी एक मत, जे मी कोणापासून लपवत नाही. काही मंडळी वहीत 437 किंवा 612 असे आकडे लिहितात. बाहेरच्या खाण्याचा इतका बारीक आकडा खरा असूच शकत नाही, कारण पळीभर रस्सा कमीजास्त झाला की पन्नास-साठ कॅलरींचा फरक पडतो. तुम्ही 700 लिहा, 1,000 लिहा, आणि शंका वाटली तर वरचा आकडा लिहा. मग रोज सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी वजन करून आठवड्याची सरासरी काढा. तीन-चार आठवड्यांच्या सरासऱ्या जवळ ठेवून पाहिल्या की अंदाज कितपत बरोबर होता हे समजते. समजा, तीन आठवड्यांत एक किलो उतरायला हवा होता आणि अर्धाच उतरला. तर अर्ध्या किलोच्या, म्हणजे साधारण 3,850 कॅलरी तीन आठवड्यांत कुठेतरी लिहायच्या राहून गेल्या, दर आठवड्याला सुमारे 1,300. तेवढ्या कॅलरी पोळीभाजीत शोधायला जाऊ नका. आधी बाहेर खाल्लेल्या दोन-तीन जेवणांची पाने उघडा आणि तिथल्या प्रत्येक पदार्थापुढे तेलाचा आकडा वेगळा लिहिला आहे का, ते पाहा.

नमस्कार.