मुळांतलं कापड, गाळातलं प्लास्टिक : नदीकाठच्या सफाईनंतरचं बोलणं

मंडळी, काठ साफ झाला, पोती गाडीत चढली, अंगावरचा चिखलही वाळला. आता आभार मानायची वेळ. पण नुसतं ‘सगळ्यांचे आभार’ म्हणून बसलो, तर कुणी नेमकं काय केलं ते त्यात हरवून जातं. म्हणून काठावर आधी काय होतं, आता काय आहे आणि मधे कोणतं काम कसं झालं, ते सांगतो. आभार ओघात त्या त्या ठिकाणी येतील.

आपण घेतलेला पट्टा नदीच्या वळणावरचा. वळणावर दोन्ही काठांचा कचरा सारखा नसतो. बाहेरच्या बाजूला धार आपटते, काठ खरवडते आणि झाडांची मुळं उघडी पडतात. वाहत आलेलं जे काही लांब आणि लवचिक असतं, म्हणजे कापड, दोर, जाळ्यांचे तुकडे, फाटक्या पिशव्या, ते त्या मुळांना अडकतं. समोरच्या, आतल्या बाजूला पाणी मंदावतं आणि गाळ टाकतं. तिथे प्लास्टिक लटकत नाही. दर पुराबरोबर एकेका थराखाली पुरलं जातं. आधीच्या फोटोत बाहेरचा काठ भयंकर दिसत होता आणि आतला बऱ्यापैकी स्वच्छ. प्रत्यक्षात जास्त माल आतल्या काठाखालीच निघाला.

मुळांकडे गेलेल्या गटाचं काम सगळ्यांत सावकाश चाललं होतं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल की ही माणसं एकाच झाडापाशी का बसलीत. त्याचं कारण सांगतो. वाहतं कापड मुळाला आडवं अडकतं. त्याची घडी धारेच्या वरच्या बाजूला बसते आणि दोन्ही टोकं खालच्या बाजूला लोंबतात. टोकाला धरून ओढलं की घडी मुळावर अधिकच आवळते. म्हणून आधी वरच्या बाजूला बोटांनी चिखल मोकळा करायचा, घडी शोधायची, ती कात्रीनं कापायची आणि मग दोन्ही शेपट्या खाली, धारेच्या दिशेनं सरकवून काढायच्या. अशी कापली तर कापडाची पट्टी फारसं न झगडता निघून येते.

अडचण येते ती शेपटी काठाच्या मातीत घुसलेली असली की. तिथे ओढाओढ करायची नाही. कापडाबरोबर मातीचा गड्डा येतो, काठाला भोक पडतं आणि पुढच्या पुरात पाणी त्याच भोकात शिरून काठ पोखरतं. ओढताना मूळ हललं किंवा वरून मातीचे कण ओघळायला लागले, तर लगेच थांबायचं, कापड मातीलगत कापायचं आणि उरलेलं तसंच ठेवायचं. जुन्या कापडाच्या विणीतून पांढरी बारीक मुळं आरपार गेलेली असतात. तेवढा तुकडाही सोडायचा, कारण तो काढायला गेलं तर मुळंही तुटतात आणि काठ धरून ठेवायचं बरंचसं काम तीच बारीक मुळं करतात. आत्ता त्या झाडांखाली गेलात तर मुळांत कापडाच्या काही चिंध्या दिसतील. त्या नजरेतून सुटलेल्या नाहीत, मुद्दाम ठेवल्या आहेत. हा मोह आवरल्याबद्दल त्या गटाचे पहिले आभार. सफाईला आलेल्या माणसाला समोर दिसणारी चिंधी तशीच ठेवून पुढे जाणं फार जड जातं.

आता आतल्या काठाकडे येऊ. तिथे फावडं वापरू दिलं नाही म्हणून काहींनी कुरकुर केली. फावड्याचं पातं उभं घुसतं आणि गाळातल्या एका पिशवीचे चार तुकडे करतं. उन्हानं कडक झालेलं प्लास्टिक तर हात लागताच भुगा होतं. म्हणून खुरपं आडवं धरून थराच्या खालून सरकवायचं, गाळाची जाड वडी उचलायची, ताडपत्रीवर ठेवून फोडायची, प्लास्टिक वेचायचं आणि गाळ जिथून काढला तिथेच परत टाकायचा. गाळ काठाचा आहे, तो पोत्यातून गावाबाहेर न्यायचं काही कारण नाही.

थर्माकोलचा प्रश्न वेगळा. सबंध तुकडा दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन उचलावा लागतो. दाताळं मारलं की त्याचे दाणे सुटतात आणि ते चिमट्यात येत नाहीत. दाणे सुटलेच, तर तेवढा गाळ पाण्याच्या बादलीत घालायचा. गाळ तळाला बसतो, दाणे वर तरंगतात, मग ते बारीक चाळणीनं काढता येतात. बादलीतलं पाणी नदीत न ओतता काठावर, जिथे मुरेल तिथे, कापडातून गाळून ओतायचं. एवढं करूनही सगळे दाणे निघत नाहीत, हे मान्य करून चालावं लागतं.

या काठावर जमिनीनं आपल्याला बरीच माहितीही दिली. वेष्टनांवर छापलेली, माल बनवल्याची तारीख बऱ्याचदा शाबूत असते. ज्या थरात ते वेष्टन सापडलं, तो थर त्या तारखेच्या आधीचा असू शकत नाही, इतकं तर नक्की. त्याहून उपयोगी असते कचऱ्याची अवस्था. गाठ मारलेली, आत घरातला कचरा असलेली पिशवी सापडली, तर ती बहुधा इथेच काठावरून कुणी टाकलेली असते. फाटकी, गाळानं भरलेली, रंग उडालेली पिशवी पुरानं आणलेली असते. पुराचं पाणी किती वर आलं होतं तेही फांद्यांना अडकलेल्या प्लास्टिकवरून कळतं. आपल्या पट्ट्यात रस्त्याकडच्या उतारावर गाठ मारलेल्या पिशव्या एकाच जागी ढिगानं होत्या. तेवढी जागा सोडली, तर बाकीचं जवळपास सगळं वरून वाहत आलेलं. म्हणजे काठभर फलक लावण्यात अर्थ नाही. त्या एका उतारावर अडसर हवा आणि कचरा टाकायला दुसरी सोय हवी. ही नोंद वहीत टिपणाऱ्या दोघांचे आभार. दिवसभर त्यांचे हात फारसे मळले नाहीत म्हणून त्यांची चेष्टा झाली, पण पुढचं नियोजन त्यांच्याच वहीवर होणार आहे.

पोती उचलणाऱ्यांबद्दल बोलायलाच हवं. 20 लिटरचं भांडं ओल्या गाळानं भरलं, तर त्याचं वजन 35 किलोच्या आसपास जातं. पोतं त्याच्या कितीतरी पट मोठं, आणि वेचलेल्या कचऱ्याला ओला गाळ चिकटलेला असतोच. म्हणून पोतं एकतृतीयांशाच्या वर भरायचं नाही, असं सांगितलं होतं. जिथे ते पाळलं गेलं नाही तिथे पोती चढणीवर फाटली आणि वेचलेलं पुन्हा वेचावं लागलं. बाटल्यांची झाकणं काढून पाणी सांडून घेतलं की निम्मं ओझं कमी होतं. मात्र आत रंगीत किंवा वासाचं काही असेल, तर झाकणाला हात लावायचा नाही, ती बाटली उभी करून वेगळी ठेवायची. काच पोत्यात न टाकता बादलीत, आणि सुई सापडली तर चिमट्यानं उचलून जाड प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात टाकायची. सुईवर टोपण परत बसवायला जाऊ नका. बोटाला टोचते ती नेमकी त्याच वेळी.

आपल्याला वाटतं की सगळं प्लास्टिक पुन्हा वापरात जाईल. गाळानं माखलेली पातळ वेष्टनं सहसा कुणी घेत नाही. ती नदीत धुवून द्यावीत, अशी एक सूचना आली होती. तसं केलं तर आपणच भुगा आणि तुकडे पाण्यात सोडले असते. म्हणून ताडपत्रीवर वाळवणं, झटकणं आणि मग बाटल्या, घट्ट प्लास्टिक, धातू एवढंच वेगळं करणं हा मार्ग धरला. उरलेलं कचरा गाडीत गेलं. काठावर काहीही जाळलं नाही आणि पोती रात्रभर ठेवली नाहीत. ठेवली असती तर कुत्र्यांनी फाडली असती, आणि ढीग बघून आणखी चार जणांनी त्यात भर घातली असती.

आधी-नंतरच्या फोटोंबद्दल थोडं. दोन्ही फोटो त्याच खुंटीपासून, त्याच उंचीवरून, त्याच दिशेनं काढले आहेत. तरी प्रत्येक फोटोत पाण्याची पातळी दाखवणारा दगड दिसतोय का ते बघा. पाणी हातभर वाढलं की न उचललेला कचराही झाकला जातो आणि फोटोत काठ स्वच्छ दिसतो. पातळीची खूण नसलेल्या अशा फोटोंवर माझा तरी विश्वास नाही. महिन्यानं त्याच खुंटीवरून तिसरा फोटो काढायचा आहे. त्या रस्त्याकडच्या उतारावर पुन्हा ढीग दिसला, तर टाकणारे इथलेच आहेत. बाकी काठभर विखुरलेलं दिसलं आणि मधे पाणी वाढून गेलेलं असलं, तर ते वरून आलं.

नंतरच्या फोटोत वाहत आलेले ओंडके आणि पालापाचोळा तसाच दिसेल. त्यातलं प्लास्टिक हातानं वेचलं, लाकूड हलवलं नाही. त्याखाली किडे, बेडूक, माशांची पिल्लं आसरा घेतात. उभ्या काठातल्या गोल बिळांजवळही कुणी खणलं नाही, ती खंड्यासारख्या पक्ष्यांची घरटी असू शकतात.

आता पुढच्या वेळेबद्दल. तारीख आत्ता सांगता येत नाही, ती पाण्यावर ठरेल. पाणी उतरलं पाहिजे आणि गाळाला वर पापुद्रा धरला पाहिजे. टाच दाबल्यावर घोट्यापर्यंत रुतत असेल, तर अजून थांबायचं. कडक वाळून भेगा पडल्या, तर उशीर झाला, कारण मग खुरपं चालत नाही. मधल्या त्या थोड्या दिवसांत निरोप येईल, तेव्हा तयार राहा. नवे लोक हवे आहेत, पण सगळेच वेचायला नकोत. चढणीवर पोती हातोहात देणारी रांग करायला माणसं कमी पडली. ताडपत्रीवर निवडायला बसून काम करणारे हवेत, गुडघे दुखणाऱ्यांनाही ते जमतं. मुलांना वाळलेलं निवडायला द्यायचं, मुळांपाशी आणि पाण्याकडेला न्यायचं नाही.

येताना गमबूट, जाड रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. हातापायाला कापलेलं असेल, तर त्या दिवशी वही सांभाळा, चिखलात उतरू नका. उंदरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू ओल्या मातीत येतात आणि जखमेतून अंगात शिरतात. आज जे चिखलात होते त्यांच्यासाठीही हे आहे. पुढच्या 30 दिवसांत ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं असं काही झालं, तर अंगावर काढू नका, आणि नदीच्या चिखलात काम केलं होतं हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. ते कळलं नाही, तर साधा ताप समजून औषधं दिली जातात आणि दिवस वाया जातात.

आणि ज्यांच्या घरी जाड कापड कापणारी मोठी कात्री असेल त्यांनी ती धार लावून आणा. या वेळी मुळांपाशी सहा जणांत दोनच कात्र्या होत्या, आणि त्यातली एक बोथट.