एक सामू, दोन बांध्या

[दृश्य: धान कापून झालेलं शेत, मधल्या धुऱ्यावर दोन पिशव्या]

विदर्भ म्हटला की काळी माती डोळ्यांपुढे येते. ती बहुतेक विम्लधर्मी असते, तिच्यात चुनखडी आधीच भरपूर असते आणि तिथं चुना टाकायचं काहीच कारण नाही. पण गोंदिया-गडचिरोलीकडे, तांबड्या आणि पिवळसर जमिनींच्या पट्ट्यात, आम्ल माती सापडते. आपण आहोत अशाच एका धानाच्या गावात.

या धुऱ्याच्या वरच्या अंगाला बरड, म्हणजे हलकी माती, खालच्या अंगाला मोरंड, म्हणजे तिच्याहून चिकण, भारी माती. सामू म्हणजे माती किती आम्ल ते सांगणारा आकडा, ७ च्या जितका खाली तितकी माती आम्ल. दोन्ही बांध्यांतल्या मातीचा पाण्यातला सामू निघाला ५.२. शेतकरी ताई विचारतात, "मंग दोन्हीकडं एकसारकाच चुना टाकला तं चालन का?"

नाही चालत. बोडीच्या काठावर उभं राहिलं की पाण्याची पातळी दिसते, पण बोडी किती पसरली आहे ते त्या पातळीवरून कळत नाही. पाण्यातला सामू ही नुसती पातळी. खरा आम्लाचा साठा चिकणमातीच्या कणांना आणि सेंद्रिय पदार्थांना धरून बसलेला असतो, हायड्रोजन आणि अॅल्युमिनियमच्या रूपात. टाकलेला चुना खर्ची पडतो तो हा साठा मारण्यात.

[दृश्य: प्रयोगशाळा, काचेच्या दोन चंचुपात्रांत माती]

तो साठा मोजायला बफर, म्हणजे स्वतःचा सामू सहजी बदलू न देणारं द्रावण लागतं. शूमेकर, मॅक्लीन आणि प्रॅट यांनी १९६१ साली मांडलेली पद्धत आजही वापरात आहे. द्रावणाचा स्वतःचा सामू ७.५ असतो. ५ ग्रॅम मातीत ५ मिली पाणी आणि १० मिली बफर घालून हलवायचं आणि मग सामू वाचायचा. मातीतला साठा जेवढा मोठा, तेवढा हा आकडा ७.५ पासून खाली उतरतो. म्हणून आधी नुसत्या बफरचा सामू वाचून घ्यावा. तोच ७.५ आला नाही, तर पुढचे सगळे आकडे वाया.

बरडीच्या नमुन्यात बफर सामू आला ६.७. मोरंडीत ६.४.

[दृश्य: तक्त्यावरून फिरणारं बोट]

बफर सामूवरून चुन्याची मात्रा सांगणारा तक्ता असतो. तो उघडण्याआधी एक ठरवावं लागतं: कोणत्या पिकासाठी? धानासाठी चुन्याची निकड फारशी नाही. बांधीत पाणी साचून राहिलं की आम्ल मातीचा सामू आपोआप वर सरकतो. ताईंना धानानंतर हरभरा घ्यायचा आहे, आणि तेव्हा पाणी उतरलेलं असतं. सामू ५.५ च्या खाली असला की विरघळलेलं अॅल्युमिनियम मुळं खुंटवतं आणि मुळांवर गाठी नीट धरत नाहीत. म्हणून आपण लक्ष्य धरू ६.०.

त्या लक्ष्यासाठी तक्ता बफर सामू ६.७ ला हेक्टरी २.४३ टन शुद्ध चुनखडी सांगतो, ६.४ ला ५.५९ टन. एकरी काढलं तर बरडीला साधारण १ टन, मोरंडीला सव्वादोन. सामू तोच, चुना दुपटीहून जास्त! लक्ष्य ६.८ धरलं असतं, तर मोरंडीला एकरी आणखी पाऊण टनाहून जास्त चुना लागला असता, आणि हरभऱ्याला त्याची गरज नाही.

[दृश्य: चाळणीतून पडणारी चुनखडीची भुकटी]

आता बाजारातली भुकटी. तक्त्यातला आकडा शुद्ध आणि बारीक चुनखडीचा आहे. समजा, आणलेल्या मालाची आम्ल मारण्याची ताकद शुद्धाच्या ९० टक्के आहे. १०० किलोंतले ७० किलो बारीक चाळणीतून पडले, ते पूर्ण धरू. उरलेले ३० किलो जाडसर, त्यांचं काम निम्मं धरू. म्हणजे ८५ किलो. ८५ च्या ९० टक्के, साधारण ७६ किलो. १०० किलोंच्या पोत्यात कामाचा माल एवढाच. १ टनाला ०.७६ ने भागलं की बरडीला एकरी १.३ टन, मोरंडीला जवळजवळ ३ टन.

३ टन एकदम टाकू नयेत. दोन वर्षांत वाटून घ्यावेत, आणि मधे माती पुन्हा तपासावी. चुना जास्त झाला की जस्त पिकाला मिळेनासं होतं. रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यांत धानाची पानं तांबूस, गंजल्यासारखी दिसू लागली, तर जस्ताची कमतरता तपासून घ्यावी.

या पद्धतीला एक मर्यादाही आहे. ज्या जमिनीला मुळात थोडाच चुना लागतो, तिथं ती गरजेपेक्षा जास्त आकडा दाखवू शकते. म्हणून बरडीत ताई आधी एका पट्ट्यालाच पूर्ण मात्रा देणार आहेत.

[दृश्य: मे महिना, नांगरलेली बांधी, फावड्यानं पसरला जाणारा चुना]

उन्हाळ्यात चुना पसरून नांगराच्या खोलीपर्यंत मिसळला आहे. वर नुसता पांढरा थर ठेवला, तर खालच्या मुळांपर्यंत तो पोचत नाही. युरिया मात्र चुन्याबरोबर टाकायचा नाही, अमोनिया उडून जातो.

पाऊस पडेल, धान होईल. कापणीनंतर, हरभरा पेरण्याआधी, याच धुऱ्याच्या दोन्ही अंगांनी पुन्हा नमुने घेतले जातील. पट्ट्यातला वेगळा, उरलेल्या बरडीतला वेगळा.