एक मीटरची काठी आणि रांजणाची सावली

मंडळी, ही दहा सेकंदांची क्लिप यावल तालुक्यातल्या एका शेतातली आहे. मे महिना, दुपारचे चार. गोठ्यासमोर हा जो रांजण दिसतोय, तो तिथं कधीच नव्हता. तो मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनवलाय. पहिल्या खेपेला आईला दाखवला, तर ती म्हणाली, "हा असा अधांतरी का?"

मला वाटलं, पुन्हा ट्रॅकिंग बिघडलं, म्हणजे व्हिडिओतल्या खुणांवरून कॅमेऱ्याची हालचाल ओळखण्यात चूक झाली. कारण आधी मी खुणा केळीच्या पानांवर धरल्या होत्या, आणि वाऱ्यानं पान हललं की सॉफ्टवेअरला वाटायचं कॅमेराच हलला. मग खडे, गोठ्याचे खांब, दावणीचा कोपरा अशा जागच्या न हलणाऱ्या खुणा घेतल्या. किमान आठ लागतात. मी वीसेक धरल्या, जवळच्या आणि लांबच्याही. या हिशेबातली चूक दाखवणारा `Solve Error` अर्ध्या पिक्सेलच्या खाली आला. म्हणजे रांजण सरकत नव्हता, तरी तरंगत होता. चूक उन्हात होती.

शूटिंगच्या वेळी मी एक मीटरची काठी उभी रोवून तिची सावली मोजली होती: 1.2 मीटर. म्हणजे सूर्य क्षितिजापासून साधारण 40 अंश वर. मी सन लाइटला 40 अंश फिरवून मोकळा झालो. पण हा लाइट शून्यावर असताना सरळ खाली बघतो, म्हणजे सूर्य डोक्यावर. कोन तिथून मोजायचा, म्हणून हवे होते 50. माझ्या 40 मुळे मीटरभर उंचीची सावली 84 सेंटिमीटरच पडत होती. उन्हात वाढलेल्या माणसाच्या नजरेला हे लगेच खुपतं, फक्त काय खुपतंय ते सांगता येत नाही. लाइटचा `Angle` मी 0.53 अंश ठेवतो, कारण आकाशात सूर्याची चकती तेवढीच दिसते. शून्य ठेवला तर सावलीची कडा कात्रीनं कापल्यासारखी येते.

सावली झेलायला जमिनीच्या जागी एक सपाट पृष्ठभाग ठेवून त्याला `Shadow Catcher` केलं, रेंडरची पार्श्वभूमी पारदर्शक केली. आता खरी गंमत. गोठ्याच्या पत्र्याची खरी सावली व्हिडिओत होतीच, आणि रांजणाच्या सावलीचं टोक नेमकं तिच्यात शिरत होतं. तिथं काळ्यावर काळं, जणू कोणी तेल सांडलंय! जिथं ऊन पोचतच नाही तिथं रांजण अडवणार काय?

उपाय साधा होता. पत्र्याच्या मापाची एक चपटी आकृती त्याच उंचीवर टांगली आणि तिलाही शॅडो कॅचर केलं. कॅचर असलेल्या दोन वस्तूंची एकमेकांवर पडलेली सावली रेंडरमध्ये दिसत नाही, पण तिथलं ऊन अडलेलं आहे हे हिशेबात धरलं जातं. आता बघा, पत्र्याच्या सावलीच्या कडेपाशी रांजणाची सावली विरते. तिच्या आत उरते ती फक्त आभाळाचा उजेड अडल्यामुळे आलेली मऊ काळोखी.